मनगटावरचे बी.पी. यंत्र खरे किती सांगते?

आजकाल अनेक घरांत रक्तदाब मोजण्याचे यंत्र आले आहे. त्यातही मनगटाला बांधायचे छोटे यंत्र माणसांना सोयीचे वाटते. बाही वर सारावी लागत नाही, दुसऱ्याची मदत लागत नाही. मुलगा-मुलगी नोकरीला गेली की मागे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते वापरता येते. पण त्याच्या पडद्यावरचा आकडा पाहून गोळी वाढवणे किंवा बंद करणे धोक्याचे का आहे, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

आमच्या वस्तीतील एका आजींचेच उदाहरण घ्या. यंत्रावर रोज सकाळी १५२ वर ९४ असा आकडा येई. गोळ्या नियमित चालू, जेवणात मीठ कमी, तरीही आकडा हलेना. सूनबाई म्हणू लागल्या, गोळी बदलून घ्या. आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते समाजमंदिरातील आरोग्य शिबिराचे दंडाला पट्टा बांधायचे यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो. पाच मिनिटे शांत बसवून दंडावर मोजले, तर १३४ वर ८० आले. मग आजींना म्हटले, "आजी, तुम्ही रोज कसं मोजता ते दाखवा." त्या खुर्चीवर बसल्या, यंत्र बांधले आणि हात मांडीवर ठेवला. पुन्हा १५२ वर ९४!

दोष यंत्रात नव्हता, मांडीत होता. रक्त हेही पाण्यासारखे वजनदार द्रव आहे. टाकीच्या जितके खाली नळ, तितका पाण्याला जोर, हे आपण चाळीत राहून जाणतोच. तसेच मनगट हृदयाच्या जितके खाली, तितका तेथील धमनीत दाब जास्त. दर १० सेंटिमीटरला हा फरक जवळपास ८ इतका पडतो. आजींचे मनगट छातीच्या मध्यापासून सुमारे २० सेंटिमीटर खाली होते, म्हणजे १५ ची भर फुकटची. मग टेबलावर कोपर टेकवून मनगटाखाली उशी व दोन जाड पुस्तके ठेवली आणि यंत्र छातीच्या मधल्या हाडाच्या मध्याशी आणले. आकडा आला १३६ वर ७९. सूनबाईंना वाटले, बसून बसून उतरला असेल. रास्त शंका! म्हणून हात पुन्हा मांडीवर ठेवला, तर १५१ वर ९३. एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उंचीमुळे चूक होते तेव्हा वरचा आणि खालचा हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच सरकतात.

याच्या उलटही घडते, आणि ते आम्हाला अधिक घातक वाटते. कुशीवर झोपून वरच्या बाजूच्या हाताला यंत्र बांधले की मनगट हृदयाच्या वर जाते आणि आकडा खोटा कमी दिसतो. माणूस समजतो, बी.पी. उतरले, आणि गोळी सोडतो.

दंडाच्या यंत्राला ही अडचण कमी पडते. हात नीट टेकलेला असला की दंड आपोआप हृदयाच्या पातळीला येतो, शिवाय तेथे एकच मोठी धमनी आहे. मनगटात दोन बारीक धमन्या हाडे आणि शिरांच्या दाटीत असतात. मनगट वाकवले, मूठ आवळली किंवा हात गार पडला की यंत्राला ठोका नीट सापडत नाही. फार वर्षांचा मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांच्या या धमन्या कडक झालेल्या असू शकतात. अशा वेळी उशा कितीही रचल्या तरी आकडा खोटा जास्त येऊ शकतो. ठोके अनियमित पडणाऱ्यांना तर दोन्ही यंत्रे चकवतात. त्यांचा रक्तदाब डॉक्टरांनी कानाला नळी लावून मोजलेला बरा.

तरी मनगटी यंत्र फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. दंड फार जाड असेल आणि त्याच्या मापाचा पट्टा मिळत नसेल, तर तोकड्या पट्ट्याने दंडावर मोजलेला आकडा खोटा जास्त येतो. अशा बंधू-भगिनींना मनगटावर, पण छातीच्या पातळीला धरून, मोजणे अधिक योग्य. नवे यंत्र घेणाऱ्यांनी मात्र दंडाचेच घ्यावे, आणि आधी दोरीने दंडाचा घेर मापून पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहावा.

घरात मनगटी यंत्र आधीच असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ते पिशवीत टाका. ज्या हातावर डॉक्टर मोजतील त्याच हातावर, एकेक मिनिट थांबून, आळीपाळीने तीन वेळा दोन्ही यंत्रांनी मोजून घ्या आणि आकडे वहीत लिहा. फरक थोडा आणि दर वेळी सारखाच निघाला, तर डॉक्टर तो धरून चालतील. कधी ५, कधी २० असा निघाला, तर त्या यंत्राच्या आकड्यावर गोळी ठरवता येणार नाही.