भिजलेला काजू आणि जहाज कंपनीला लिहायचे पत्र

पश्चिम आफ्रिकेत काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते जून असतो. आयव्हरी कोस्टच्या आबिजान बंदरातून निघालेली कच्ची बी वाटेत जहाज बदलून न्हावाशेवाला पोहोचते, तेव्हा आपल्याकडे बऱ्याचदा पाऊस सुरू झालेला असतो. वेंगुर्ला, चंदगड, आजरा या पट्ट्यातले काजू कारखाने नुसत्या स्थानिक बीवर वर्षभर चालत नाहीत, म्हणून ही बी मागवावी लागते. कंटेनर कारखान्यात येतो, सील तोडून दार उघडले की कुबट वास येतो आणि काही गोण्या हाताला ओल्या लागतात. अशा वेळी मालक सहसा दोन कामे करतो. ओल्या गोण्या पटापट बाहेर काढून बी वाळत घालतो आणि विमा एजंटला फोन करतो. ही दोन्ही कामे बरोबरच आहेत. पण जहाज कंपनीला पत्र लिहायचे राहून जाते आणि नुकसानभरपाई बहुतेक वेळा तिथेच हातची जाते.

विमा आहे, मग जहाज कंपनीशी कशाला वाद घालायचा, असे अनेकांना वाटते. विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि मग त्याच्या जागी उभी राहून जहाज कंपनीकडून ते वसूल करू पाहते. १९६३च्या सागरी विमा कायद्याने तिला तो हक्क दिला आहे. मालकाने वेळेत लेखी तक्रार केली नसेल, तर तिच्या वसुलीचा पायाच कच्चा राहतो. म्हणून विम्याचा दावा तपासताना ती जहाज कंपनीला दिलेल्या तक्रारीची प्रत मागते. प्रत नसेल तर दाव्याची रक्कम कापली जाऊ शकते.

पत्र एक नसते, दोन असतात. पहिले लहान असते आणि ते दार उघडल्याच्या दिवशीच गेले पाहिजे. समुद्रमार्गे मालवाहतुकीचे हेग-व्हिस्बी नियम जगभरातल्या बहुतेक बिल ऑफ लेडिंगना कोणत्या ना कोणत्या रूपात लागू असतात. त्यांनुसार नुकसान वरून दिसत असेल तर माल ताब्यात घेतानाच, आणि दिसत नसेल तर तीन दिवसांच्या आत लेखी सूचना द्यावी लागते. बंद कंटेनरमधली ओल बाहेरून दिसत नाही, म्हणून हे तीन दिवस मिळतात. ते हुकले तर हक्क संपत नाही, पण माल चांगल्या स्थितीत पोहोचला असे सकृद्दर्शनी मानले जाते आणि ते खोडून काढायचा भार मालकावर येतो.

या पत्रात बिलाचा क्रमांक, जहाजाचे नाव आणि फेरी, कंटेनरचा व सीलचा क्रमांक, माल कधी उघडला आणि काय दिसले, एवढे पुरते. त्यानंतरची तीन वाक्ये मात्र गाळायची नाहीत. ‘या नुकसानीसाठी आम्ही तुम्हाला जबाबदार धरतो. अमुक तारखेला अमुक वेळी संयुक्त पाहणीसाठी तुमचा सर्व्हेअर पाठवावा. तो न आल्यास आमच्या सर्व्हेअरच्या पाहणीवर आम्ही अवलंबून राहू.’ रक्कम कळलेली नसते, तेव्हा ‘नुकसानीचा आकडा नंतर कळवू’ असे लिहावे. घाईने टाकलेला आकडा पुढे गळ्यात पडतो. पत्र बिलावर ‘वाहक’ म्हणून ज्या कंपनीचे नाव असेल तिच्या नावाने लिहावे आणि तिच्या मुंबईच्या एजंटमार्फत पाठवावे. नुसत्या एजंटच्या नावाने लिहिले, तर ‘आम्ही फक्त एजंट आहोत’ असे उत्तर येऊ शकते.

आता खरा प्रश्न. पाणी कुठून आले? संशयित तीन आहेत: समुद्राचे पाणी, पावसाचे पाणी आणि कंटेनरच्या आतच सुटलेला घाम. जबाबदारी कोणाची हे यावरच ठरते. समुद्राचे पाणी आत शिरले तर ते जहाजावर किंवा बंदरात शिरले, म्हणजे माल कंपनीच्या ताब्यात असताना. पावसाचे पाणी आबिजानच्या यार्डात शिरले असेल, तसेच न्हावाशेवाहून कारखान्याकडे येताना घाटातही शिरले असेल. बिलाप्रमाणे माल बंदरात ताब्यात दिला असेल, तर घाटातल्या पावसाला जहाज कंपनी बांधील नाही.

सर्व्हेअर यासाठी सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण वापरतो. ओल्या गोणीचा धागा किंवा कंटेनरच्या भिंतीवरचा डाग शुद्ध पाण्यात भिजवून त्यात या द्रावणाचे थेंब टाकले आणि दुधासारखा पांढरा साका आला, तर क्लोराइड, म्हणजे मीठ आहे. पावसाच्या पाण्याने असा दाट साका येत नाही. पण या चाचणीवर डोळे मिटून विसंबू नये. महिनाभर समुद्रावर राहिलेल्या कंटेनरच्या छपरावर मिठाचा थर साचतो. वर भोक असेल तर पाऊस तेच मीठ धुऊन आत नेतो आणि थोडासा साका त्यानेही येतो. म्हणून त्याच कंटेनरमधल्या कोरड्या गोणीचा नमुना घेऊन त्याचीही चाचणी करायची आणि दोन्हीतला फरक अहवालात लिहायचा. ही तुलना नसेल तर कंपनीचा वकील अहवालाची चिरफाड करतो.

भोक शोधायची जुनी आणि सोपी पद्धत अशी: रिकाम्या कंटेनरमध्ये दिवसा माणूस उभा करायचा आणि बाहेरून दारे लावायची. टाचणीएवढे छिद्र असले तरी त्यातून उजेड दिसतो. त्या जागेचा आतून आणि बाहेरून फोटो घ्यायचा. छिद्राखालून उतरलेला गंजाचा ओघळ आणि त्याखालच्या गोण्यांची ओल एकाच रेषेत आली, तर यापेक्षा बोलका पुरावा मिळत नाही. दाराची रबरी पट्टी फाटली असेल, तर दाराजवळच्या गोण्या खालून भिजलेल्या असतात.

घामाची खूण वेगळी असते. बीमधला ओलावा गरम हवेत मिसळतो, रात्री छपराचा पत्रा गार होतो आणि थेंब धरून खाली टपकतात. अशी ओल एका कोपऱ्यात न राहता सबंध लांबीवर वरच्या थरात पसरते. पत्र्याच्या नळ्यांप्रमाणे पट्टे उमटतात आणि साका येत नाही. अशा प्रकरणात कंपनीचे उत्तर ठरलेले असते: दोष तुमच्या मालाचाच, बी पुरेशी वाळवलेली नव्हती. त्यावर बोलायला आबिजानमध्ये माल भरताना घेतलेले ओलाव्याचे प्रमाणपत्र हाताशी लागते. बीचा ओलावा साधारण आठ ते दहा टक्क्यांच्या आत असावा अशी व्यापारात अपेक्षा असते. प्रमाणपत्रात तेरा लिहिले असेल, तर दावा लंगडा आहे हे मालकाने आधीच समजून घ्यावे.

घामाच्या वादात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा ५ डिसेंबर २०१८चा एक निकाल मालकांच्या कामाचा आहे. व्होल्काफे या कॉफी व्यापारी कंपनीने सीएसएव्ही या चिलीच्या जहाज कंपनीवर दावा केला होता. २०१२ मध्ये कोलंबियाहून जर्मनीला पाठवलेली कॉफी कंटेनरच्या घामाने डागाळली होती. पोती भरायचे आणि आतून क्राफ्ट पेपर लावायचे काम जहाज कंपनीकडे होते. अपील न्यायालयात कंपनी जिंकली, पण सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. माल चांगल्या स्थितीत घेतला आणि खराब स्थितीत दिला, तर आपण पुरेशी काळजी घेतली हे सिद्ध करायचा भार कंपनीवर आहे, असे न्यायालयाने सांगितले. कागद किती जाड होता, किती थर होते, याचा पुरावा कंपनीकडे नव्हता. आपल्या काजूला हा निकाल जसाच्या तसा लागत नाही, कारण तिथे गोण्या बहुधा माल पाठवणाराच भरतो आणि नीट न भरल्याचा दोष त्याच्याकडे जातो. तरी ‘तुम्ही काय काळजी घेतली ते दाखवा’ ही मागणी पत्रात ठामपणे करायला या निकालाचा आधार मिळतो.

हे सगळे रिकामा कंटेनर यार्डात परत जाण्याआधी झाले पाहिजे. यार्डात तो धुतला जातो, भोक बुजवले जाते आणि पुढच्या फेरीला निघून जातो. कंटेनर उशिरा परत केला तर दिवसागणिक दंड लागतो, म्हणून ट्रान्सपोर्टवाला घाई करतो. माझ्या मते दोन दिवसांचा दंड भरून कंटेनर थांबवून ठेवणे कधीही स्वस्त पडते.

दुसरे पत्र पाहणीचा अहवाल आल्यावर जाते आणि त्यात रक्कम असते. समजा, चाळीस फुटी कंटेनरमध्ये ८० किलोच्या ३०० गोण्या आल्या आणि त्यातल्या ६० भिजल्या. मोजणी ‘भिजलेल्या ६०’ एवढ्यावर थांबत नाही. त्यातल्या २० गोण्यांना बुरशी लागली आणि ४० गोण्या खळ्यावर पसरून वाळवता आल्या. चांगल्या बीचा त्या दिवशीचा भाव किलोला १२० रुपये धरू. बुरशीची १,६०० किलो बी १५ रुपयांनी गेली, तर तोटा १,६८,००० रुपये. वाळवलेली ३,२०० किलो बी ७५ रुपयांनी गेली, तर तोटा १,४४,००० रुपये. दोन्ही मिळून ३,१२,००० झाले. मजुरी, वाळवणी आणि सर्व्हेअरची फी यांचे ३८,००० धरले, तर मागणी साडेतीन लाखांची होते. बी वाळवण्याचा खर्च मागता येतो, कारण नुकसान वाढू न देणे हे मालकाचेच काम आहे. दोन्ही विक्रींची बिले सोबत जोडायची. सगळा माल टाकाऊ ठरवून पूर्ण किंमत मागणारे पत्र कंपनीच्या दावा विभागात फार काळ टिकत नाही.

नियमांत भरपाईला कमाल मर्यादाही आहे: दर नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोला २ एसडीआर, यातले जे जास्त ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे आणि त्याची किंमत शंभर रुपयांच्या वरच असते. काजूसारख्या मालाला ही मर्यादा सहसा आड येत नाही. यंत्रे किंवा औषधे आणणाऱ्यांनी मात्र बिलावर नगांची संख्या लिहिली आहे ना, हे पाहावे. नुसते ‘एक कंटेनर’ लिहिले असेल, तर सगळा कंटेनर एकच नग धरला जातो.

पत्र गेले, उत्तर आले, त्याला प्रत्युत्तर गेले, अशी आठ-दहा महिने सहज जातात. कंपनीचे लोक सौजन्याने बोलतात, आणखी एक कागद मागतात, ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे कळवतात. या काळात घड्याळ थांबलेले नसते. माल ताब्यात दिल्यापासून एक वर्षात दावा दाखल झाला नाही, तर हेग-व्हिस्बी नियमांनुसार कंपनी सगळ्या जबाबदारीतून मोकळी होते. कितीही पत्रे लिहिली तरी त्याने मुदत वाढत नाही. तिथे न्यायालय किंवा लवादच लागतो, आणि तोही बिलात ठरवून दिलेला. अनेक बिलांत लंडनचे नाव असते. भारताचा २०२५चा समुद्रमार्गे मालवाहतुकीचा कायदा आपल्या बंदरांतून निघणाऱ्या मालासाठी आहे. आयात मालाला बिलातल्या अटी पाहाव्या लागतात. काही देशांनी स्वीकारलेल्या हॅम्बर्ग नियमांत मुदत दोन वर्षांची आहे, पण एकच वर्ष आहे असे धरून चालणे शहाणपणाचे.

साडेतीन लाखांसाठी लंडनला कोणी जात नाही आणि कंपनीलाही ते ठाऊक असते. म्हणून अकराव्या महिन्याच्या आत आणखी एक छोटे पत्र लिहावे लागते: ‘या प्रकरणातील दावा दाखल करण्याची मुदत तीन महिन्यांनी वाढवून दिल्याचे लेखी कळवावे.’ वाढ वाहक कंपनीच्याच नावाने, तारखेसकट आणि मुदत संपण्याआधी मिळाली पाहिजे. फोनवर ‘हो, बघतो’ म्हटले तर ते धरायचे नाही. लेखी वाढ आली नाही, तर विमा कंपनीला आणि वकिलाला त्याच आठवड्यात कळवायचे, म्हणजे दावा दाखल करायला हातात निदान काही दिवस उरतात.