येसरचं प्रमाण कुणाला सांगायचं?

उमरीत येसर आणि काळा मसाला करून पाकिटं विकणारं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. मिरची शेजारच्या धर्माबादची. धने, दगडफूल, खोबरं बाजारातलं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेच लागतात, त्यामुळे नावं लपवता येत नाहीत. लपतं ते प्रमाण, भाजण्याचा क्रम आणि आच किती ठेवायची ते. धंद्याची खरी किंमत तेवढ्यातच असते.

‘पेटंट घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. पण आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार नुसतं मिश्रण आणि पारंपरिक ज्ञान यांना पेटंट मिळत नाही. मिळण्याजोगं काही असलं, तरी कृती पूर्ण लिहून द्यावी लागते. अर्जानंतर साधारण १८ महिन्यांनी ती जगजाहीर होते आणि अर्जापासून २० वर्षांनी कुणीही वापरू शकतो. गुपिताला अशी मुदत नसते. मात्र कुणी पाकीट विकत आणून, चाखून, प्रयोग करून तीच चव साधली, तर त्याला कायदा अडवत नाही. कायदा अडवतो तो विश्वासाने सांगितलेलं पळवणाऱ्याला.

भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९व्या अहवालात तशी शिफारस केली. न्यायालयं आजवर करार आणि विश्वासभंगाची तत्त्वं यांच्या आधारेच निकाल देत आली आहेत. त्यांतला मला सर्वांत शिकवणारा खटला आपल्या कल्याणचा आहे.

सेंच्युरी स्पिनिंगने कल्याणच्या कारखान्यात टायरसाठी लागणारा धागा काढायचं ठरवलं. त्यासाठी १९६१ मध्ये हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतल्या कंपन्यांकडून १,४०,००० जर्मन मार्क मोजून तंत्र घेतलं. देणाऱ्यांची अट होती: माहिती गुप्त ठेवा आणि आपल्या कामगारांकडूनही तसं लिहून घ्या. १९६३ च्या मार्चमध्ये गोलीकरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर रुजू झाले. गुप्तता पाळायची आणि त्या पाच वर्षांत दुसरीकडे असं काम करायचं नाही, असं करारात होतं. कंपनीने त्यांना प्रशिक्षण दिलं. पुढच्याच वर्षी ते जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले.

वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. आपल्याला मिळालं ते सामान्य ज्ञान, हे गोलीकरींचं म्हणणं टिकलं नाही, कारण परदेशी करार, त्यातली अट, कामगाराची सही आणि प्रशिक्षण अशी साखळी कंपनीकडे तयार होती. जानेवारी १९६७ च्या निकालाने १५ मार्च १९६८ पर्यंतची, म्हणजे करार संपेपर्यंतची, नोकरीची बंदी कायम राहिली. मात्र करार संपल्यानंतरही ‘हा धंदा करूच नको’ असं लिहून घेतलं, तर ते करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. माणसाचं कसब त्याचं स्वतःचं असतं. मालकाचं असतं ते नेमकं गुपित, आणि ते न सांगण्याचं बंधन नोकरीनंतरही चालू राहतं.

‘नेमकं’ या शब्दावर न्यायालयं फार काटेकोर आहेत. ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाविरुद्ध कल्पना चोरल्याचा दावा झाला, तेव्हा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. आपली गुप्त माहिती कोणती, ती इतरांना ठाऊक असलेल्या गोष्टींपेक्षा वेगळी कशी, हे वादीला नीट दाखवता आलं नव्हतं.

म्हणून उमरीच्या त्या घराने आधी गुपित लिहून काढावं: कोणता घटक किती ग्रॅम, आधी काय भाजायचं, किती वेळ, कशी खूण दिसली की उतरवायचं. ही वही कुलपात ठेवावी आणि ती कुणी कधी पाहिली याची तारखेसह नोंद करावी. मग काम तोडून द्यावं. भाजणाऱ्या बाईला आच कळेल, प्रमाण नाही. मिसळणाऱ्याकडे मोजलेल्या पिशव्या फक्त क्रमांक घालून येतील. प्रमाण ज्याला सांगावंच लागेल, त्याच्याकडून गुप्ततेचा करार आधी सही करून घ्यावा, मग वही उघडावी. हैदराबादचा वितरक किंवा कर्ज देणारा विचारतो तेव्हाही हाच क्रम पाळावा. चूक बहुतेक इथेच होते: ओळखीतला माणूस म्हणून आधी सगळं सांगून टाकतात आणि कागद मागाहून करतात. दुसरी चूक मोबाइलची. भाजणीचा व्हिडिओ जाहिरातीसाठी टाकला आणि त्यात तराजूचा आकडा दिसला, की तेवढ्यापुरतं गुपित संपलं.

कामगार सोडून जाताना वही, चिठ्ठ्या, मोबाइलमधले फोटो परत घ्यावेत आणि गुप्ततेचं बंधन कायम असल्याचं पत्र देऊन पोच घ्यावी. पुढे शेजारच्या गावात तशाच चवीचं पाकीट निघालं, तर आधी त्याची पावती आणि नमुना ठेवावा, तिथे कोण कामाला आहे ते पाहावं. चव जुळली एवढ्यावर दावा उभा राहत नाही. तिथला माणूस आपल्या वहीच्या नोंदीत सापडला, तर उभा राहू शकतो. वकिलाची नोटीस मात्र लगेच जायला हवी, कारण उशीर केला की मनाई हुकूम मिळणं अवघड होतं. गुपित न्यायाधीशांना सांगावंच लागतं, पण ते बंद लिफाफ्यात देण्याची परवानगी मागता येते.