चहा की सरबत?

‘बाहेर पाऊस आणि हातात गरम...’ पुढचा शब्द कोणता? भाषेचं मॉडेल प्रत्येक शब्दाला गुण देतं. समजा चहाला ३, कॉफीला २ आणि सरबताला ०. हे गुण म्हणजे शक्यता नव्हेत. त्यांची बेरीज शंभर टक्के होत नाही, आणि काही गुण तर उणेही असतात.

इथे सॉफ्टमॅक्स कामाला येतं. २.७१८ ही संख्या, म्हणजे e, प्रत्येक गुणाइतक्या घातांकाला चढवायची. चहाचे होतात २०.०९, कॉफीचे ७.३९, सरबताचा १. घातांकामुळे उणे गुणही धन होतो. बेरीज २८.४८. तिने प्रत्येकाला भागलं की चहा ७०.५ टक्के, कॉफी २६, सरबत ३.५. गुणांत एकाचा फरक म्हणजे शक्यतेत २.७ पट फरक, मग गुण ३ आणि २ असोत की उणे ७ आणि उणे ८.

घातांकाआधी गुणांना ज्या संख्येने भागतात तिला ‘तापमान’ म्हणतात. हे नाव भौतिकशास्त्रातल्या बोल्ट्झमनच्या सूत्रावरून आलं. तापमान ०.५ ठेवलं की चहा ८८ टक्क्यांवर जातो आणि सरबत जवळजवळ बाद होतं. तापमान २ केलं की चहा ५५ वर उतरतो, सरबत १२ वर चढतं. म्हणजे आठातून एकदा गरम सरबत! क्रम मात्र कधीच बदलत नाही. चुकीचे गुण तापमानाने सुधारत नाहीत.

गुण हजारावर गेले तर संगणकाची आकडेमोड फुटते. म्हणून आधी सगळ्यांतून सर्वांत मोठा गुण वजा करतात. उत्तर तेच येतं.