कार्ड बोलतंय की मैत्रीण?

टॅरोच्या 78 कार्डांमध्ये तीन तलवारींच्या कार्डाइतकं उघड बोलणारं चित्र क्वचितच असेल. राखाडी ढग, तिरका पाऊस आणि मधोमध एक लाल हृदय, त्यात आरपार घुसलेल्या तीन तलवारी. चित्रात माणूस नाही आणि अर्थ शोधावा असं फारसं काही उरतही नाही. 1909 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संचातलं हे कार्ड. आर्थर एडवर्ड वेट यांनी संचाची आखणी केली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं तो रंगवला. आज आपल्याकडे दुकानांत दिसणारे कितीतरी डेक याच संचावर बेतलेले असतात.

हे कार्ड अनोळखी माणसासमोर निघालं तर वाचणारीला फक्त चित्र दिसतं. जिवलग मैत्रिणीसमोर निघालं, की चित्राच्या आधी मैत्रिणीचा सगळा इतिहास दिसतो. तिचं कुणाशी बिनसलं, रात्री दोन वाजता तिनं कुणाला मेसेज केला, तिच्या आईचं काय म्हणणं आहे, हे सगळं आधीच माहीत असतं. मैत्रिणीसाठी कार्ड वाचणं अवघड होतं ते इथेच. वाचणारीचं स्वतःचं मत कार्डाच्या तोंडून बाहेर पडायला लागतं आणि ऐकणारीला ते दैवाचा कौल वाटतं.

कार्डांना भविष्य कळतं याला शास्त्रीय पुरावा नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा पत्त्यांचा खेळ होता. भाकीत सांगण्यासाठी त्याचा बोलबाला झाला तो अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाच्या हाती ‘तुझं स्वभाववर्णन’ म्हणून एकच मजकूर ठेवला. त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. तरीही अचूकतेला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. मोघम वाक्यंसुद्धा आपल्यालाच उद्देशून आहेत असं वाटतं, तर जिला घरातलं सगळं माहीत आहे तिच्या वाक्याचं वजन किती पडेल? म्हणून कार्ड वाचणाऱ्या मैत्रिणीवर जबाबदारी येते ती हे वजन ओळखण्याची.

संमतीची सुरुवात कार्ड पिसण्याच्या आधी होते. “चल, तुझं एक कार्ड काढते” असं म्हणून चहाच्या टेबलावर डेक पसरणं ही संमती नव्हे. मैत्रिणीनं स्वतःहून विचारलं पाहिजे, किंवा विचारल्यावर तिला मोकळेपणानं नाही म्हणता आलं पाहिजे. चारचौघांत नाही म्हणणं जड जातं, म्हणून इतरांसमोर विचारू नये. मग आणखी दोन गोष्टी ठरवाव्यात: कोणत्या विषयाला हात लावायचा नाही, आणि वाईट कार्ड निघालं तर स्पष्ट ऐकायचं आहे की मध्येच थांबायचं आहे. जो समोर नाही त्याच्या मनात काय आहे, हे विचारणारा प्रश्न घेऊ नये. त्यानं परवानगी दिलेली नसते आणि उत्तराची शहानिशा करायला तो तिथं नसतो.

एक प्रसंग कल्पून पाहू. मैत्रीण विचारते, “तो परत येईल का गं?” वाचणारी म्हणते, “त्याच्या मनातलं मला सांगता येणार नाही. तू या नात्याकडे कशी बघतेस, ते बघू या का?” मैत्रीण हो म्हणते आणि तीन कार्डं निघतात. पहिलं सहा चषकांचं: जुन्या घराच्या अंगणात एक मुलगा मुलीला फुलांनी भरलेला चषक देतो आहे. मधलं तीन तलवारींचं. तिसरं आठ चषकांचं: रचून ठेवलेले चषक मागे टाकून लाल वस्त्रातला माणूस चंद्रप्रकाशात डोंगराकडे निघाला आहे.

इथे वाचणारीच्या ओठांवर एक वाक्य तयार असतं: “बघ, कार्डंच सांगतायत, सोड त्याला.” महिनाभर तिला हेच म्हणायचं होतं. हे वाक्य गिळणं हा प्रामाणिकपणाचा सगळ्यात कठीण भाग आहे. सांगायचंच असेल तर डेक बाजूला सारून म्हणावं, “हे कार्डाचं नाही, माझं मत आहे.” मग मैत्रीण त्याच्याशी भांडू शकते. कार्डाशी तिला भांडता येत नाही.

कठीण कार्ड आलं की वाचणारीनं आधी चेहरा सांभाळावा, पण खोटं हसू नये. मग चित्र जसं आहे तसं मैत्रिणीलाच सांगायला लावावं. टॅरोवर लिहिणाऱ्या मेरी ग्रीअर यांचाही भर समोरच्या माणसाला कार्डाचं वर्णन करायला लावण्यावर आहे. “तुला यात काय दिसतं?” एवढं विचारून गप्प बसावं. मैत्रीण कदाचित तलवारींबद्दल बोलणार नाही, पावसाबद्दल बोलेल. ती म्हणेल, “हे तर होऊन गेलंय, आता फक्त दुखतंय.” ही माहिती वाचणारीकडे नव्हती, कार्ड येऊ घातलेल्या दुःखाबद्दल आहे असं ती समजली होती. त्यानंतर तिनं कार्डाचा रूढ अर्थ सांगावा, साध्या आणि लहान वाक्यांत: मन दुखावणं, विरह, कटू सत्य कळणं. ‘होईल’ असं न म्हणता ‘या कार्डात हे दाखवतात’ असं म्हणावं, आणि हे तिच्या बाबतीत कितपत लागू पडतं ते तिलाच ठरवू द्यावं.

हळुवार सांगणं आणि गोड करून सांगणं यांत फरक आहे. मृत्यूचं कार्ड निघालं, की बरेच जण घाईघाईनं सांगतात, “अगं, याचा अर्थ नवी सुरुवात!” चित्रात मात्र पांढऱ्या घोड्यावर चिलखतातला सांगाडा आहे आणि घोड्यापाशी राजा मरून पडला आहे. दूर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्यही आहे, पण राजाला वगळून सूर्य दाखवणं ही फसवणूक आहे. हे कार्ड सहसा शरीराच्या मरणाबद्दल वाचत नाहीत, एवढं लगेच सांगून भीती घालवावी; काहीतरी संपतं आहे, हे मात्र झाकू नये.

गडबड होते आहे हे ओळखता येतं. मैत्रीण कार्डाकडे न बघता वाचणारीच्या चेहऱ्याकडे बघू लागते, “नक्की ना?” असं पुन्हा पुन्हा विचारते, किंवा “अजून एक काढ ना” म्हणते. चांगलं कार्ड येईपर्यंत जास्तीची कार्डं ओढणं म्हणजे आधीचं उत्तर खोडणं, आणि दोघींनाही ते कळत असतं. अशा वेळी थांबावं. तोच प्रश्न चार दिवसांनी पुन्हा आला, तर परिस्थितीत काय बदललं ते आधी विचारावं. काहीच बदललं नसेल, तर डेक बंदच ठेवावा.

आजाराचं निदान, गर्भारपण, कोर्टाचा निकाल, कुणाचं आयुष्य किती, हे प्रश्न सुरुवातीलाच नाकारावेत; त्यांची उत्तरं डॉक्टर आणि वकील यांच्याकडे आहेत. बोलता बोलता मैत्रीण जगण्याची इच्छा नाही असं म्हणाली, तर कार्डं गोळा करून तिच्याजवळ बसावं, तिच्या मनात नक्की काय आहे ते सरळ विचारावं, तिला एकटं सोडू नये आणि टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर तिच्यासोबत फोन लावावा. त्या संध्याकाळी जे बोललं गेलं ते तिसऱ्या मैत्रिणीला सांगायचं नाही, आणि टेबलावरच्या कार्डांचा फोटो स्टेटसला टाकायचा असेल तर तोही तिला विचारून.