जॅकेट गळतंय की नुसतं भिजतंय?

दोन-तीन पावसाळे वापरलेलं चांगलं रेन जॅकेट घालून सह्याद्रीत भटकणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘हे आता गळायला लागलं.’ पुष्कळदा ते गळत नसतंच. पाणी अडवणारा पातळ पडदा आत शाबूत असतो, फक्त बाहेरचं कापड पाणी पिऊ लागलेलं असतं. कापड ओलंचिंब झालं की घामाची वाफ बाहेर पडत नाही, ती आतच गार होऊन थेंब धरते आणि आपल्याला वाटतं, पाऊस आत आला.

बाहेरच्या कापडाने पाणी पिऊ नये म्हणून त्याच्या धाग्यांवर रसायनाचा अतिशय पातळ लेप असतो. आजवर हा लेप बहुधा फ्लोरीनयुक्त असे. त्याच्या रेणूंच्या शेपट्या ब्रशच्या केसांसारख्या ताठ उभ्या असतात, म्हणून थेंब कापडात मुरत नाही, गोळी होऊन घरंगळतो. सॅकचे पट्टे घासून या शेपट्या आडव्या होतात. त्यामुळे जॅकेट आधी खांद्यावर भिजतं. मळ आणि अंगाचं तेलही त्यांना झाकून टाकतं.

म्हणून जॅकेट धुवायला घाबरू नये. खरं नुकसान करतो तो कपड्यात उरलेला साबण. साबणाचं कामच मुळी पाण्याला कापडात शिरायला मदत करणं. फॅब्रिक सॉफ्टनर तर वापरूच नये. थोडं द्रवरूप डिटर्जंट घ्यावं, चेन आणि वेल्क्रो लावून कोमट पाण्यात धुवावं आणि दोनदा खळबळून काढावं. घट्ट पिळू नये.

नुसतं वाळवून मात्र भागत नाही, ऊब द्यावी लागते. उष्णतेने आडव्या शेपट्या सैल होऊन पुन्हा उभ्या राहतात. ड्रायर असेल तर वाळलेलं जॅकेट मंद आचेवर वीसेक मिनिटं फिरवावं. नसेल तर मध्ये सुती कापड ठेवून, वाफ बंद करून, सगळ्यात कमी तापमानावर इस्त्री फिरवावी. त्याआधी जॅकेटच्या आतलं लेबल वाचावं, कारण काही जॅकेटांना इस्त्री चालत नाही. प्लास्टिकच्या साध्या रेनकोटला तर उष्णता दाखवूच नये, तो वितळतो.

मग खांद्यावर पाणी शिंपडून पाहावं. थेंब गोळी होऊन ओघळले तर काम झालं. डाग पसरून कापड गडद झालं तर लेप झिजून गेलेला आहे. उष्णता असलेल्या लेपाला उठवते, नसलेला आणत नाही. अशा वेळी बाजारात मिळणारा फवारा धुतलेल्या जॅकेटवर मारावा. खांदे आणि बाह्यांच्या कडा नीट भिजवाव्यात.

निसर्गात वर्षानुवर्षं विघटन न होणाऱ्या फ्लोरीन रसायनांवर अनेक देश निर्बंध आणत आहेत. नवे लेप फ्लोरीनविरहित आहेत. ते पाणी झटकतात, तेल मात्र झटकत नाहीत. त्यामुळे नवं जॅकेट घेतलं असेल तर ते जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवावं लागेल. आणि जॅकेट उलटं करून पाहिल्यावर आतल्या अस्तराचे पापुद्रे सुटलेले दिसले, तर ना धुणं कामाचं ना इस्त्री. त्या जॅकेटचं आयुष्य संपलेलं असतं.