मुलांच्या शिक्षणासाठी महिन्याला किती बाजूला काढायचे? फीचा वेग आधी मोजा

महागाईचा दर चार-पाच टक्के आहे, म्हणून मुलांच्या शिक्षणाचा खर्चही तेवढाच वाढेल, असा हिशेब अनेक घरांत केला जातो. पण महागाईचा तो आकडा घरातल्या सगळ्या खर्चाचा असतो. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या किरकोळ महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता, तर शिक्षणाचा साडेचार टक्केही नव्हता. कांदा-टोमॅटो स्वस्त झाले की महागाई उतरते, कॉलेजची फी मात्र उतरत नाही.

मग फी किती वेगाने वाढते? नागपूरच्या व्हीएनआयटीचे उदाहरण घेऊ. एनआयटी संस्थांतील बीटेकचे वार्षिक शिक्षण शुल्क २०१६ मध्ये नव्या प्रवेशांसाठी ७० हजारांवरून एकदम सव्वा लाख झाले. त्यानंतर अनेक वर्षे ते तिथेच राहिले. २०१५ ते २०१८ एवढाच काळ पाहिला, तर वाढ वर्षाला २१ टक्के दिसते. २०१६ पासून मोजले तर शून्य. २०१५ ते २०२४ असा लांबचा काळ घेतला, तर साधारण साडेसहा टक्के. फी दरवर्षी थोडी थोडी वाढत नाही, ती टप्प्याटप्प्याने उडी मारते. म्हणून 'शिक्षणाची महागाई इतके टक्के' असे कोणी एका दमात सांितले, तर कोणत्या वर्षापासून मोजले, हे आधी विचारावे.

घरच्या घरीही अंदाज काढता येतो. तुमच्या मनातल्या कॉलेजची फी किती वर्षांत दुप्पट झाली ते पाहा आणि ७२ ला तेवढ्या वर्षांनी भागा. सात वर्षांत दुप्पट झाली असेल, तर दर सुमारे १० टक्के.

आता प्रत्यक्ष हिशेब. मूल तीन वर्षांचे आहे, कॉलेजला १५ वर्षे आहेत. शिकवणी शुल्क, वसतिगृह आणि मेस मिळून आज वर्षाला दोन लाख, म्हणजे चार वर्षांचे आठ लाख लागतात असे धरू. बचतीवर ८ टक्के परतावा मिळेल, हेही गृहीत धरू. खर्च ५ टक्क्यांनी वाढला, तर प्रवेशाच्या वेळी सुमारे १६ लाख ६३ हजार लागतील आणि त्यासाठी महिन्याला ४,९०० रुपये पुरतील. वाढ ७ टक्के असेल, तर ६,५०० रुपये. १० टक्के असेल, तर गरज ३३ लाख ४२ हजारांवर जाते आणि महिन्याचा हप्ता ९,९०० रुपये होतो. वाढीचा दर दुप्पट, हप्ताही दुप्पट. कॉलेजच्या चार वर्षांतही फी वाढेल, पण उरलेल्या पैशांवर व्याज मिळत राहील, त्यामुळे त्यापोटी लाखभराचीच भर पडते.

खरी अडचण फी परताव्यापेक्षा वेगाने वाढते तेव्हा येते. आज पहिल्या वर्षाचे दोन लाख रोख बाजूला ठेवले, तर ८ टक्क्यांनी १५ वर्षांत ते ६ लाख ३४ हजार होतील. फी १० टक्क्यांनी वाढून तोपर्यंत ८ लाख ३५ हजार झालेली असेल. आजची पूर्ण फी आजच साठवली, तरी दोन लाख कमीच.

सुरुवातीलाच ९,९०० झेपत नसतील, तर हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवायचा. मग सुरुवात ५,३५० रुपयांनी करता येते. मात्र शेवटच्या वर्षी तोच हप्ता २० हजारांच्या पुढे जातो. पगार तेवढा वाढणार नसेल, तर हा मार्ग कागदावरच राहील. आणि पाच वर्षे थांबून मूल आठ वर्षांचे असताना सुरुवात केली, तर तेवढ्याच रकमेसाठी महिन्याला १८,६०० रुपये लागतात.

पैसा ठेवायचा कुठे? मुलगी असेल तर अनेक जण सुकन्या समृद्धी खाते निवडतात. जानेवारी २०२४ मध्ये त्याचा व्याजदर ८.२ टक्के झाला. सरकार हा दर दर तिमाहीला ठरवते. पण या योजनेत वर्षाला दीड लाखच भरता येतात, म्हणजे महिन्याला १२,५००. वरचा वाढता हप्ता दहाव्या वर्षीच ही मर्यादा ओलांडतो. शिवाय शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मीच रक्कम काढता येते. उरलेली रक्कम एरवी खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी हाती येते. मुलगी तीन वर्षांची असताना खाते उघडले असेल, तर तेव्हा ती २४ वर्षांची असेल आणि तिचे बीटेक संपून दोन वर्षे झालेली असतील. म्हणून निम्मा निधी तरी प्रवेशाच्या वर्षी मोकळा होईल अशा दुसऱ्या ठिकाणी हवा.