दर बदलत गेला तर चक्रवाढ कशी मोजायची?

एक लाख रुपये तीन वर्षांसाठी ठेवले आणि व्याजदर पहिल्या वर्षी ६, दुसऱ्या वर्षी ७, तिसऱ्या वर्षी ८ टक्के मिळाला, तर हाती किती येतील? बरेच जण ६, ७ आणि ८ यांची बेरीज करून २१ हजार व्याज सांगतात. पण दर वर्षीचे व्याज मुद्दलात मिळते आणि पुढचा दर त्या वाढलेल्या रकमेवर लागतो. त्यामुळे पहिल्या वर्षअखेरीस १,०६,००० होतात, त्यावर ७ टक्क्यांनी १,१३,४२० आणि त्यावर ८ टक्क्यांनी १,२२,४९३ रुपये ६० पैसे. थोडक्यात, १.०६, १.०७ आणि १.०८ यांचा गुणाकार करायचा.

सरासरी ७ टक्के धरले तर १,२२,५०४ रुपये ३० पैसे येतात, म्हणजे जवळपास अकरा रुपये जास्त. दर जितके एकमेकांपासून दूर, तितकी ही चूक मोठी.

गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच, म्हणून ८, ७, ६ असे दर मिळाले तरी एकरकमी ठेवीचे शेवटी तेवढेच होतात. दरवर्षी भर घालणाऱ्याचे मात्र तसे नाही, आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला १०,००० भरले, तर चढत्या दरांनी ३४,६०५ रुपये होतात, उतरत्या दरांनी ३४,१९१. शेवटच्या वर्षी खात्यात सर्वांत जास्त रक्कम असते, त्यामुळे त्या वर्षीचा दर सर्वांत जड पडतो. पीपीएफचा दर सरकार तिमाहीला ठरवते, तेव्हा तिथेही हाच हिशेब लागू होतो.